गिऱ्हाइकांची यादी, खरेदीची तारीख आणि 'परत कधी फोन करायचा': तुमचे अनुभव सांगा

वाशिष्ठीकाठची
काल पोटमाळा आवरताना जुनं उधारी-रजिस्टर सापडलं. 22 जुलै 2021 च्या पुरात भिजलेलं. पानं एकमेकांना चिकटून वीट झालीय आणि वास अजून तोच. टाकवलं नाही.

आमचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, चिपळूणला. पाणी ओसरल्यावर माल गेल्याचं दुःख होतंच, पण खरा घोळ पुढच्या महिन्यापासून सुरू झाला. गिऱ्हाइकं यायची, "वहिनी, बॅटरी तुमच्याकडूनच घेतलेली, वॉरंटीत आहे ना?" त्यांचं बिलही पुरात आणि आमची वहीही. कुणी कधी घेतली ते त्यांनाही आठवेना, आम्हालाही नाही. त्या दिवाळीत मुलाने मोबाईलवर गूगल शीट करून दिली. नाव, फोन, काय घेतलं, तारीख. शेवटी एक रकाना 'परत फोन', त्यात सूत्र तारीख अधिक 90. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघायचं असतं ना, साधारण तीन महिन्यांनी.

पहिला धडा सांगते. एका गिऱ्हाइकाने 14 नोव्हेंबर 2021 ला बॅटरी घेतली. शीटने 12 फेब्रुवारी दाखवली, हे जाऊन पाणी घालून आले. आता पुढचे 90 दिवस मोजायचे म्हणून मी काय केलं, खरेदीच्या तारखेवरच 12 फेब्रुवारी टाकली! सगळ्यांचं तसंच करत गेले. वर्षभराने एकाची बॅटरी बसली, वॉरंटी बघायला शीट उघडली तर खरेदीची तारीख गायब. पूर न येता मीच वही बुडवली.

आता दोन रकाने आहेत. 'खरेदी' एकदा लिहिली की हात लावायचा नाही. 'शेवटचं बोलणं' दर वेळी बदलतं आणि पुढची तारीख त्याच्यावरून निघते:

```
=E2+F2
```

E म्हणजे शेवटचं बोलणं आणि F म्हणजे दिवस. दिवस प्रत्येकाचे वेगळे ठेवलेत, ज्यांच्याकडे लाईट जास्त जाते त्यांना 60.

तुम्ही कसं ठेवता? लिहा.

दापोलीचा_बाळ्या
शीट म्हटल्यावर मला पत्रे वाटले 😂 निसर्ग वादळानंतर आमच्याकडे शीट म्हणजे एकच.

वाशिष्ठीकाठची
@बाळ्या 😂😂 त्याचीही यादी ठेव, कुणाचे पत्रे कधी घातले

हर्णै_इंजिनवाला
ताई, 90 दिवस वगैरे आमच्यात चालत नाही. मी बोटींची इंजिनं बघतो. पहिल्या वर्षी सगळ्यांना सहा महिने लावले. डिसेंबरात ऑईल बदललेल्यांची तारीख आली जूनमध्ये. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. तांडेलाला फोन केला तर म्हणतो, "बोट शाकारलीय, आता ऑईल कुणाला पाजू?" आता दिवस मोजत नाही. सरळ दोनच तारखा, 10 मे आणि 10 जुलै. मेमध्ये विचारायचं बंदीत काय काम काढायचंय, जुलैत विचारायचं कधी उतरवताय. खरेदीची तारीख फक्त कुठला पार्ट किती जुना ते कळायला.
जेवायला बसतोय, नंतर लिहितो

गुहागर_रिकामटेकडा
तारखांवरून आठवलं. माझ्या शीटमध्ये अर्ध्या ओळींना पुढची तारीख येते आणि अर्ध्यांना #VALUE! येतं. फोन खराब आहे का?

कोकम_आगळ_घरचं
फोन नाही हो. तारखेच्या आधी ' असं एक चिन्ह द्यायचं, मग ती बदलत नाही. मी तसंच करते, एकदम छान राहते.

देवरुखचे_काका
कोकमताई, राहते खरी, पण मग ती तारीख राहत नाही, नुसती अक्षरं होतात. वाचायला चालेल, हिशेबाला तिचा भरवसा नाही.

गुहागरकर, एक बघा. रकान्यात काही तारखा डाव्या बाजूला चिकटल्यात आणि काही उजव्या, असं आहे का?

गुहागर_रिकामटेकडा
हो!! मला वाटलं माझं बोट लागलं

देवरुखचे_काका
मग तुमची शीट अमेरिकेत आहे. ती महिना आधी वाचते, दिवस नंतर. तुम्ही 25/04 लिहिलंत तर तिला पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून ती अक्षरं समजून डावीकडे ठेवते आणि सूत्र #VALUE! देतं. ते बरं, निदान दिसतं तरी. खरा धोका उजवीकडच्यांचा. 05/04 म्हणजे तुमचा 5 एप्रिल, तिने गुपचूप 4 मे करून ठेवलाय. बारा तारखेपर्यंतचं सगळं असं उलटं झालेलं असू शकतं.

कॉम्प्युटरवर File, मग Settings, तिथे Locale मध्ये India करा. पण लक्षात ठेवा, त्याने आधी उलटलेल्या तारखा सुलटत नाहीत. बारापर्यंतच्या सगळ्या बिलावरून तपासून परत टंकाव्या लागतील. डावीकडच्याही एकदा परत लिहा. दुसरी सोपी वाट मला तरी माहीत नाही.

वाशिष्ठीकाठची
अरे देवा! काका, हेच झालं होतं आमचं!! एका मास्तरांनी 3 नोव्हेंबर 2022 ला बॅटरी घेतली. मी 03/11/2022 टाकलं आणि रात्री बघते तर ओळ लाल. पुढची तारीख 9 जून 2022 दाखवतेय, म्हणजे पाच महिने उलटून गेलेले. मी काही विचार केला नाही, सकाळी फोन लावला, "सर, पाणी बघायची वेळ झाली." ते म्हणाले, "अहो वहिनी, काल तर बसवून गेलात, एवढ्यात प्यायली की काय?" अजून बाजारात भेटले की विचारतात. शीटने 11 मार्च धरला होता, आज कळलं. आम्ही मुलावर खापर फोडलेलं.

मालवणी_मावशी
गो बाये, माका ह्या सगळा वाचूनच घाम फुटलो. माझी वही बरी. दोन खोल्ये दितंय मी पावण्यांका, तारकर्लेक. कोण कधी इल्लो आणि कोणाक तिसऱ्ये आवडतत तां लिवन ठेवतंय. पुण्याचो एक डॉक्टर दरवर्षी येता, त्येका फोन करूचो लागणा नाय, तोच माका करता.

दापोलीचा_बाळ्या
मावशी तिसऱ्यांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा 🙏 खोली आहे का दिवाळीत

मालवणी_मावशी
दिवाळेक भरली रे. देवदिवाळेक ये.

देवगड_बागायतदार
आमचं हापूसचं. माझी शीट वर्षात तीन महिनेच जागी असते. 'खरेदी + अमुक दिवस' आमच्या कामाचं नाही, कारण दिवस आंबा ठरवतो. यंदा मोहोर उशिरा आला तर मागच्या वर्षीची तारीख घेऊन काय करू? मी तारीख वेगळ्या कामाला वापरतो. मागच्या वर्षी ज्यांनी पहिली पेटी मार्चमध्ये घेतली, ते भावाकडे बघत नाहीत, त्यांना लवकर पाहिजे असतो. ज्यांनी मेच्या दहा तारखेनंतर घेतली ते उतरलेल्या भावाची वाट बघणारे. त्यांना मार्चमध्ये मेसेज टाकला की "महाग आहे हो" म्हणतात आणि मग मेमध्ये दुसऱ्याकडून घेतात, कारण माझ्याकडे महाग असतो हे डोक्यात बसलेलं असतं. म्हणून दोन गट, दोन वेळा.

मेसेजचं एक. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांची, आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. मी दोन वर्षं शंभरेक जणांना पाठवत होतो आणि लोक प्रतिसाद देत नाहीत म्हणून चिडत होतो. आता पेटीत चिठ्ठी टाकतो, नंबर सेव्ह करा म्हणून.

कोकम_आगळ_घरचं
' काढून टाकलं सगळीकडचं, संध्याकाळ गेली 😓 पण आता येतेय पुढची तारीख.
माझा प्रश्न वेगळाच आहे. एक लिटर आगळ कुणाला दोन महिने पुरतं, कुणाला वर्षभर. दिवस कसे ठरवायचे?

देवरुखचे_काका
दोनदा घेतलंय अशा गिऱ्हाइकाच्या दोन तारखांतलं अंतर घ्या, त्यातून आठवडाभर वजा करा. एकदाच घेतलंय त्याचं अंतर कुठून आणणार? त्याला फोनवर विचारा, "सोलकढी रोज की पाहुणे आले की?" त्यावर अंदाज बांधा.

त्यासाठी खरं म्हणजे दुसरं पान करावं, 'भेटी' नावाचं. प्रत्येक खरेदीला नवी ओळ. पहिल्या पानावर शेवटची तारीख आपोआप येते:

```
=MAXIFS('भेटी'!C:C,'भेटी'!A:A,B2)
```

C मध्ये भेटीची तारीख. A मध्ये आणि B2 मध्ये नाव नको, फोन नंबर. आमच्याकडे सावंत सतरा आहेत. आणि कुठे 30/12/1899 दिसलं तर घाबरू नका, त्या नंबरची एकही भेट नाही असा अर्थ. बहुतेक वेळा नंबरात एक आकडा चुकलेला असतो.

वाशिष्ठीकाठची
काका, पटतंय पण नाही करणार 😄 दुकानात गिऱ्हाईक उभं असताना दोन पानं कोण भरणार. माझ्या दोन रकान्यांत भागतंय.

देवरुखचे_काका
मग त्या गिऱ्हाइकाने मधे किती वेळा पाणी घातलं ते कळणार नाही. कंपनीने वॉरंटीला तेच विचारलं तर?

वाशिष्ठीकाठची
ते वॉरंटी कार्डावर मागे लिहून देते, सहीसकट. कार्ड त्यांच्याकडे.

देवरुखचे_काका
आणि पूर आला तर?

वाशिष्ठीकाठची
😶 बरं. बघते रविवारी

खेडची_शिलाईवाली
पण हे वाजतं का? मी तारखा घातल्या, शीट बंद केली आणि विसरून गेले. कुणालाच फोन झाला नाही.

हर्णै_इंजिनवाला
शीट आपणहून नाय वाजत. मी फोनात रोज साडेनऊचा गजर ठेवलाय, नाव 'शीट उघड'. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा गजर लावू नका, मी लावलेले, देवळात आरतीला सलग चार वाजले.

वाशिष्ठीकाठची
आमच्याकडे ओळ आपोआप लाल होते. Conditional formatting मध्ये हे घातलंय, G म्हणजे पुढची तारीख:

```
=AND($G2<>"",$G2<=TODAY())
```

शटर उघडलं की आधी लाल ओळी. रोज दोन-तीन असतात. पंधरा झाल्या की समजायचं आपण आठवडाभर टाळलंय.

गुहागर_रिकामटेकडा
India केलं. 61 तारखा परत टाकायच्यात. बायको म्हणते त्यापेक्षा दुकान परत उघड 😭
आणि एक, मी नावाचा रकाना क्रमाने लावला तर फोन नंबर दुसऱ्यांनाच गेले. हेही अमेरिकाच का?

देवरुखचे_काका
नाही, हे गुहागरच. एकच रकाना निवडून Sort range केलंत तुम्ही. त्याने नावं हलली, बाकीचं जागेवर राहिलं. लगेच Undo करा. बंद केली असेल तर File मध्ये Version history, तिथून कालची परत आणा. पण आज सुधारलेल्या तारखा जातील त्यात. किती सुधारल्यात?

गुहागर_रिकामटेकडा
चाळीस

दापोलीचा_बाळ्या
😂😂😂 मावशी याला पण एक खोली द्या

मालवणी_मावशी
ये रे बाबा गुहागरच्या, लॅपटॉप घराक ठेव आणि ये. तिसऱ्ये खातंस मां?