रस्त्यावरील छायाचित्रातील नंबरप्लेट कशी झाकावी? (सल्ला हवा आहे)

सायलीरेखा

रस्त्यांवरील दैनंदिन जीवनाची एक छायाचित्रमालिका प्रसिद्ध करण्याच्या तयारीत आहे. त्यातील एका चित्रात संध्याकाळचा तिरपा उजेड आहे आणि उजवीकडे उभ्या असलेल्या मोटारीची नंबरप्लेट स्वच्छ वाचता येते. प्लेट सुमारे १२० पिक्सेल रुंद व ३० पिक्सेल उंच आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे आहेत आणि ती कॅमेऱ्याशी थोडी तिरकी आहे. काळी पट्टी मारली की नजर प्रथम तिकडेच जाते. ब्लर केलेला क्रमांक परत काढता येतो असे ऐकले आहे. डोळ्यांना खटकणार नाही, पण कोणालाही उलगडता येणार नाही, अशी पद्धत कृपया सुचवावी. मी GIMP वापरते.

निरंजन_क

ब्लर परत काढता येतो ही भीती अवाजवी आहे. तो हलका असेल तरच धोका असतो. Gaussian Blur मोठ्या प्रमाणात द्या, म्हणजे माहितीच नष्ट होते. जी माहिती उरलीच नाही ती कोण परत आणणार?

काचबिंब

निरंजन यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ब्लर पुरेसा मोठा असेल तर क्रमांक खरोखरच हरवतो. मात्र ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे चित्र पाहून सांगता येत नाही.

शोधणाऱ्याला ब्लरमागची अक्षरे पुन्हा उभी करावी लागतात असे आपण धरून चालतो. नंबरप्लेटच्या बाबतीत त्याची गरजच नसते. तिच्यावरील अक्षरांचे वळण ठरलेले असते, त्यांची संख्या ठरलेली असते आणि बहुतेक वेळा कोणत्या जागी अक्षर व कोणत्या जागी अंक येणार हेही ठरलेले असते. त्यामुळे संगणकावर एकेक शक्य क्रमांक त्याच कोनात तयार करायचा, त्याला तसाच ब्लर द्यायचा आणि प्रसिद्ध झालेल्या चित्राशी ताडून पाहायचा, एवढेच काम उरते. डोळ्याला जो नुसता राखाडी डाग दिसतो, त्यात कोणत्या बाजूला काळेपणा किंचित जास्त आहे याची नोंद शिल्लक असते आणि जुळणी करायला ती पुरू शकते. मोझॅकच्या चौकटींनाही हेच लागू आहे. २००७ साली एका अनोळखी संशयिताचा भोवऱ्यासारखा पिळलेला चेहरा जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी पूर्ववत केला आणि इंटरपोलने तो जाहीर केला होता, तेही अशाच कारणाने शक्य झाले: पिळल्याने पिक्सेल जागचे हलले होते, नाहीसे झाले नव्हते.

म्हणून माझा क्रम असा असतो की आधी क्रमांक नष्ट करायचा आणि ब्लर त्यानंतर, जे नवे रंगवले आहे त्यालाच द्यायचा. मग ब्लर कितीही उलटवला तरी त्याखाली आपणच काढलेले निरर्थक फराटे सापडतील.

आपल्या चित्रात मी असे करेन. चित्र ४०० टक्के मोठे करून पाटीच्या डाव्या व उजव्या टोकांच्या कोऱ्या जागेतून एकेक रंग उचलावा. संध्याकाळच्या उजेडात पाटी पांढरी नसतेच. एका टोकाला ती पिवळसर आणि दुसऱ्या टोकाला करडी आढळेल. नव्या लेयरवर, पाटीपेक्षा थोड्या मोठ्या जागेत, या दोन रंगांचा ग्रेडियंट भरावा. त्यावर पाटीच्या तिरपेपणाला धरून गडद, जाड, असमान फराटे ओढावेत. त्यांची संख्या आणि त्यांतील अंतर मूळ अक्षरांशी जुळू देऊ नये. त्यांचा काळा रंग मोटारीच्या बंपरखालील सावलीतून घ्यावा, कारण शुद्ध काळा तेथे लगेच उपरा दिसतो. मग फक्त या लेयरला ३ ते ४ पिक्सेलचा ब्लर द्यावा आणि लेयर मास्कने कडा पाटीच्या चौकटीपर्यंत कापाव्यात. आधी कापून मग ब्लर दिला तर कडा अर्धपारदर्शक होतात आणि तेथून जुनी अक्षरे डोकावतात. चौकट, स्क्रू आणि वरच्या बाजूची सावली मूळचीच ठेवावी. झाकण खरे वाटते ते त्यांच्यामुळे. शेवटी RGB Noise हलक्या हाताने द्यावा. आजूबाजूला कॅमेऱ्याचे दाणे असताना मधलाच तुकडा गुळगुळीत राहिला, तर रंग कितीही अचूक असला तरी तो चिकटवल्यासारखा दिसतो.

आता कसोटी. मूळ छायाचित्राच्या लेयरसमोरील डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून तो लेयर लपवावा. पाटीच्या जागी झाकणातून कोठेही बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी दिसली, तर तेवढ्या जागेतून मूळ अक्षरे पाझरत आहेत असे समजावे. चौकटीवर एक पिक्सेल पाझरला तर चालेल, अक्षरांवर अजिबात नाही. मूळ फाइल जेपेग असेल, तर ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांमुळे अक्षरांभोवतीही पुसट ठसे उमटलेले असतात; म्हणून केवळ अक्षरे न झाकता पाटीचा सगळा पृष्ठभाग झाकावा.

रानजाई

माझ्या उभ्या गाडीला एक गाडी धडकून निघून गेली. माझ्याकडील चित्रात तिची प्लेट हललेली आहे. वर सांगितलेल्या जुळणीने तो क्रमांक काढून मिळेल का?

काचबिंब

रानजाई, हा धागा झाकण्याविषयी आहे, पण आपली अडचण खरी आहे. हाताच्या हालचालीने आलेल्या ब्लरची दिशा आणि लांबी आधी अंदाजाने ठरवावी लागते. त्यातून निघेल ती संभाव्य क्रमांकांची यादी; तिला पुरावा समजू नये. ज्यांच्याकडे तक्रार कराल त्यांना कॅमेऱ्यातील मूळ फाइल, काहीही न बदलता द्यावी.

निरंजन_क

जुळणीचा मुद्दा मान्य आहे. तरीही २५ पिक्सेलचा ब्लर दिल्यावर ३० पिक्सेल उंचीच्या पाटीत काय उरेल?

काचबिंब

बहुधा काहीच नाही. पण तेवढ्या ब्लरमध्ये शेजारच्या दिव्याचा लाल रंग आणि बंपरचा काळा रंग पाटीत उतरतो, आणि सायलीरेखा यांना नेमका तोच देखावा टाळायचा आहे.

ओवीकार

फराट्यांऐवजी एखादा खोटा क्रमांक स्वच्छ लिहिला तर अधिक नैसर्गिक दिसणार नाही का?

मृगनक्षत्र

दिसेल, पण तो क्रमांक कोणाचा तरी खरा असू शकतो आणि मग एका अनोळखी माणसाची गाडी आपण तेथे उभी केली असे होते. वाचता न येणारे फराटेच बरे.

फाइलविषयी थोडे. काही ॲप चित्र बदलतात, पण एक्झिफमधील लघुचित्र जुनेच ठेवतात. त्यात मोठ्या अक्षरांची प्लेट कधीकधी ओळखता येते. Image > Flatten Image करून जेपेग निर्यात करावे आणि मग ही आज्ञा द्यावी:

```
exiftool -all= rasta.jpg
```

यानंतर शेजारी `rasta.jpg_original` नावाची प्रत राहते, ती चुकूनही अपलोड करू नये. या आज्ञेने रंगांचे प्रोफाइलही जाते, म्हणून निर्यातीपूर्वी चित्र एसआरजीबीमध्ये आणावे. XCF फाइल तर कोणालाच पाठवू नये, कारण तिच्यात मूळ लेयर जसाच्या तसा असतो.

सायलीरेखा

सर्वांचे आभार. मूळ लेयर लपवल्यावर वरच्या कडेला पटाची नक्षी दिसली. फेदर तीन पिक्सेलचा होता, तो एकवर आणून मास्क चौकटीपर्यंत सरकवला. त्याच वेळी लक्षात आले की मागच्या मोटारीच्या चकचकीत बंपरमध्ये हीच प्लेट उलटी उमटली आहे, त्यामुळे तेथेही हाच क्रम केला. एक प्रश्न उरतो: प्लेट बदलली आहे हे चित्राखाली लिहावे का?

मृगनक्षत्र

लिहावे. वाचक छायाचित्राला नोंद म्हणून पाहतो. त्यात नवे काही रंगवले असेल तर ते त्याला कळले पाहिजे.

काचबिंब

या बाबतीत माझे मत वेगळे आहे. मालिकेच्या सुरुवातीला एकदा सांगणे पुरेसे आहे. प्रत्येक चित्राखाली लिहिले तर लोक तीच पाटी निरखून पाहू लागतात. स्पर्धेसाठी किंवा वृत्तपत्रासाठी चित्र द्यायचे असेल, तर मात्र त्यांचे नियम आधी पाहावेत, कारण काही ठिकाणी एवढा बदलही चालत नाही.