मदत हवी आहे: समारोपाच्या भाषणात दुभाष्यांचे आभार कसे मानू?

द्राक्षवेल
आमच्या द्राक्ष परिषदेचा आज दुसरा दिवस संपला. नाशिकलाच आहे. पाहुणे चिली आणि पेरूचे, थोडे इंग्रजी बोलणारे, बाकी आम्ही बागायतदार. उद्या दुपारी समारोप आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. भाषण मराठीत करायचंय.

हॉलच्या मागे दोन बूथ आहेत. एकात मराठी-इंग्रजीवाले दोघं, दुसऱ्यात स्पॅनिशवाले दोघं. यांचे आभार "मंडप, ध्वनिव्यवस्था, चहापान व भाषांतर" अशा एका दमात उरकायचे नाहीत. म्हणून हे लिहिलंय:

"ज्यांनी गेले तीन दिवस काचेच्या खोलीत बसून, भाषेची भिंत पाडून, आपणा सर्वांना एकमेकांशी जोडण्याचे कार्य अहोरात्र केले, त्या दुभाषी बंधुभगिनींचे आभार मानून मी त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही."

कसं वाटतंय? आणखी काय घालू?

खडूस
अहोरात्र? रात्री बूथमध्ये कोण बसलं होतं?

सुमतीकाकू
छान लिहिलंय. पण नुसत्या शब्दांनी काय होतं? चौघांना स्टेजवर बोलवा, शाल-श्रीफळ द्या. आमच्या मंडळात आम्ही स्वयंपाकाच्या बायकांनाही असंच बोलावतो, डोळे भरून येतात त्यांचे.

बूथमधली
मी मराठी-इंग्रजी दुभाषी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काकू, भावना पोचली. पण चौघं स्टेजवर आले की त्या क्षणाला चिलीच्या पाहुण्यांच्या कानात शुकशुकाट. आपण कोणाला शाल देतोय हे त्यांना सांगणारं कोणी उरत नाही. एका बूथमध्ये दोघं असतात म्हणून एकाला पाठवता येईल असं वाटतं. वीस-तीस मिनिटांनी माइक बदलतो हे खरं, पण दुसरा तेव्हा रिकामा नसतो, आकडे आणि नावं टिपून देत असतो. शाल द्यायचीच तर माइक बंद झाल्यावर, बूथपाशी जाऊन द्या.

आता द्राक्षवेल, तुमचं वाक्य. मराठीत ते शोभतं. "आभार मानत नाही, ऋणातच राहतो" हे ऐकून आपण मान डोलावतो. पण मी बूथमध्ये आहे असं समजा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "बंधुभगिनींचे" ऐकेपर्यंत त्यांचं काय करणार आहात हे मला कळत नाही. आभार, सत्कार की दिलगिरी? तोवर भिंत, खोली, अहोरात्र हे सगळं डोक्यात धरून ठेवायचं. शेवटी "आभार मानून" येतं, मी सुटले म्हणून इंग्रजीत "थँक यू" म्हणून टाकते, आणि मग तुमचं "इच्छित नाही" येतं!

तुमच्याकडे तर आणखी एक पायरी आहे. मराठीतून थेट स्पॅनिश करणारे नसावेत, बरोबर? म्हणजे स्पॅनिश बूथ माझं इंग्रजी ऐकून पुढे बोलतोय. याला आम्ही रिले म्हणतो. माझी चूक तशीच पुढे जाते, आणि चिलीच्या पाहुण्यांना कळतं की अध्यक्ष दुभाष्यांचे आभार मानायला तयार नाहीत.

म्हणून क्रिया आधी: "आता मी आभार मानतो, आपल्या दुभाष्यांचे." मग थांबा. मग छोटी वाक्यं.

द्राक्षवेल
बाप रे. हो, स्पॅनिश इंग्रजीवरूनच चाललंय. म्हणूनच काल हशा दोनदा येत होता, आधी आमचा, मग त्यांचा!

परदेशस्थ_पक्या
एवढा ताण कशाला? भाषण टाइप करून आज रात्री देऊन टाका. उद्या ते नुसतं वाचतील.

बूथमधली
द्याच, आजच द्या. पण नुसतं वाचणं होत नाही. वक्ता एक परिच्छेद गाळतो, मध्येच कोणाचं तरी नाव घालतो, आणि आम्ही कागदावर तिसऱ्या ओळीला असतो. शिवाय हातात कागद असला की लोक सुसाट वाचतात. कागद द्या आणि तरी बोलल्यासारखं सावकाश बोला.

अजून एक गंमत. आम्ही वक्त्याच्या तोंडाने, "मी" म्हणून बोलतो. तुम्ही आमची स्तुती केलीत की ती मलाच माझ्या आवाजात करावी लागते. संकोच होतो, मग आपसूक दोन वाक्यांचं एक होतं. विशेषणांचं तर हमखास. तुम्ही एखादी घडलेली गोष्ट सांगितलीत तर मात्र मला ती पूर्ण सांगावीच लागते. तसं काही घडलंय का?

द्राक्षवेल
घडलंय की! काल आमचे एक जण खरड छाटणीवर बोलत होते. आपण वेल वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. चिलीत हिवाळ्यात एकदाच. त्यामुळे पाहुण्यांना वाटलं, वक्ता एकच छाटणी दोनदा सांगतोय. जेवणाच्या सुट्टीत स्पॅनिश बूथमधल्या बाई ताट घेऊन माझ्या शेजारी आल्या आणि विचारलं, एप्रिलच्या छाटणीनंतर घड धरतात का? मी म्हटलं नाही, तेव्हा फक्त काडी तयार करायची. दुपारी बूथच्या काचेला आतून एक कागद चिकटलेला दिसला: खरड छाटणी, भुरी, डाउनी, पुढे इंग्रजी, पुढे स्पॅनिश. त्यानंतरच्या सत्रात पेरूच्या पाहुण्यांनी पहिल्यांदा नेमका प्रश्न विचारला.

बूथमधली
हेच सांगा, बाकी सगळं काढा. फक्त नाव घेण्याआधी त्या बाईंना विचारा, काहींना आवडत नाही. आणि लेखी भाषांतर कोणी केलं?

द्राक्षवेल
सारांशपुस्तिका पुण्याच्या दोघांनी केली. ते आलेलेच नाहीत.

बूथमधली
मग त्यांचं वेगळं वाक्य करा. लोक बूथकडे बघून टाळ्या वाजवतात आणि पुस्तिकावाले राहून जातात.

गडकरी_नव्हे_गडप्रेमी
अवांतर: 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी होता. ऑक्झिंडेनचं नाव सगळ्यांना माहीत, शेणव्याचं किती जणांना? भाषणात घाला.

खडूस
घाला, म्हणजे चिलीवाल्यांना आधी रायगड समजावून सांगावा लागेल. रिलेवर.

द्राक्षवेल
हाहा, राहू दे. हे बघा कसं झालंय:

"आता मी आभार मानतो, आपल्या दुभाष्यांचे. ते मागे बसले आहेत. कृपया मागे वळून बघा. (थांबणे) परवा खरड छाटणीवरून आपला गोंधळ झाला. चिलीत एक छाटणी, आपल्याकडे दोन. स्पॅनिश बूथमधल्या ताईंनी जेवता जेवता मला प्रश्न विचारले. दुपारी काचेवर शब्दांची यादी लागली. नंतरचा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी ऐकला. (थांबणे) आणि मी आभार मानतो, पुस्तिकेच्या दोन अनुवादकांचे. ते आज इथे नाहीत. त्यांचं काम तुमच्या पिशवीत आहे."

सुमतीकाकू
फार कोरडं वाटतंय हो. दोन शब्द गोड हवेत. आणि प्रमुख पाहुण्यांच्या आधी यांचे आभार? बरं दिसेल का?

बूथमधली
कोरडं मला नाही वाटत. क्रमाचं मात्र मी सांगू शकत नाही. शेवटी ठेवलं तर लोक हेडफोन काढून पिशव्या आवरत असतात, आधी घेतलं तर मानपान आडवं येतं. मी दोन्ही पाहिलंय. वेळ तेवढी पाळा. लांबणार असेल तर आधी बूथला विचारा.

द्राक्षवेल (दुसऱ्या दिवशी)
झालं. मध्यावर घेतलं, एक ज्येष्ठ संचालक नाराज आहेत. "मागे वळून बघा" म्हटल्यावर आधी आमचे लोक वळले, स्पॅनिशवाले नंतर, तोवर मी गप्प उभा. ते थांबणं फार लांब वाटलं. ताईंनी नाव घेऊ नका सांगितलं होतं, घेतलं नाही. पण "ताईंनी" हा शब्द स्पॅनिशमध्ये कसा गेला, कोण जाणे. शाल माइक बंद झाल्यावर दिली, काकू.

परदेशस्थ_पक्या
ती काचेवरची यादी इथे टाका ना, आमच्या इकडच्या बागवाल्यांना उपयोगी पडेल.

द्राक्षवेल
ती त्यांची आहे. जाताना घडी घालून पर्समध्ये ठेवताना पाहिली. विचारून सांगतो.