बायनरी ओळ कशी तोडायची: चार-चार की आठ-आठ? डावीकडून की उजवीकडून?

नवशिका_कोडर
नोट्समध्ये ‘म’ या अक्षराचं यूटीएफ-८ रूप बायनरीत सलग दिलंय:

```
11100001010010010101110
```

नुसतं बघून काही कळत नाही, म्हणून स्पेस देऊन गट पाडायचेत. मित्र म्हणतो आठ-आठ, मला चार-चार सोपं वाटतं. सुरुवात कुठून करायची? आणि प्रोग्राममध्ये टाकल्यावर ‘म’ न येता p आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं का येतात?

सातारी
यात वाद घालण्यासारखं काही नाही. गट नेहमी उजवीकडून पाडायचे. १२,३४,५६७ लिहिताना आपण स्वल्पविराम उजवीकडूनच मोजतो ना? इथेही तसंच. 110101101 घे. उजवीकडून तोडलं तर 1 1010 1101, म्हणजे हेक्समध्ये 1AD, म्हणजेच ४२९. डावीकडून तोडलंस तर 1101 0110 1 होतं, ते कुणी D61 वाचलं की ३४२५. चार-चारच पाड, कारण चार बिटांचा निबल म्हणजे हेक्सचा एक अंक. डावा गट अपुरा पडला तर पुढे शून्यं भरायची:

```
n = (len(s) + 3) // 4 * 4
s = s.zfill(n)
print(" ".join(s[i:i+4] for i in range(0, n, 4)))
```

सबनेटवाला
मी नेटवर्किंगच्या परीक्षेला बसतोय, तिथे आठ-आठशिवाय पर्याय नाही. /20 चा मास्क 11111111 11111111 11110000 00000000 असा लिहिला की 255.255.240.0 लगेच दिसतं. चार-चार पाडले तर टिंब कुठे द्यायचं हेच कळत नाही. आठ-आठच बरोबर, सगळीकडे.

हरणटोळ
सातारी, तुमचं ४२९ चं उदाहरण अगदी बरोबर आहे, पण ते संख्येला लागू पडतं. धाग्यातली ओळ संख्या नाही. एकामागून एक आलेले बाइट आहेत ते, आणि पहिला बाइट डावीकडे आहे. अशा ओळीत डावीकडे शून्य भरणं धोक्याचं असतं, आणि p नेमका तिथूनच आलाय.

आधी अंक मोजा. २३ आहेत. ‘म’ ला तीन बाइट लागतात, म्हणजे २४ हवेत. आता तीच ओळ दोन्ही टोकांकडून तोडून एकाखाली एक ठेवा:

```
11100001 01001001 0101110
1110000 10100100 10101110
```

तीन बाइटांच्या अक्षरात पहिला बाइट 1110 ने सुरू होतो आणि नंतरचे दोन्ही 10 ने. वरच्या ओळीत दुसरा बाइट 01 ने सुरू होतोय, म्हणजे तिथे पोचायच्या आधीच काहीतरी सरकलंय. खालच्या ओळीत शेवटचे दोन्ही बाइट 10 ने सुरू होतात, म्हणजे ते धड आहेत. गळालेला बिट पहिल्या बाइटातलाच. आठ-आठच्या गटांचा खरा उपयोग हा आहे. सलग ओळीत हे कुणालाही दिसलं नसतं.

आता zfill काय करतं बघा. डावीकडे एक शून्य चिकटवलं की पहिला बाइट 01110000 होतो, म्हणजे हेक्समध्ये 70, आणि ते म्हणजे p. मागचे दोन बाइट पोरके राहतात, म्हणून दोन प्रश्नचिन्हं. चार-चारचे सहा गट मात्र पूर्ण भरलेले, अगदी नीट दिसतात. कमी पडलेला बिट त्या शून्याने झाकला.

सातारी
ताई, p चा मुद्दा पटला. पण शून्य भरलं नाही तर प्रोग्राम अपुऱ्या गटाचं करणार काय?

हरणटोळ
थांबायला हवं त्याने. बाइटांची ओळ असेल तर लांबी आठने भागून बाकी उरते का ते आधी तपासायचं, आणि उरली तर पुढे जायचंच नाही. शून्य भरायचा अधिकार आपल्याला फक्त ती संख्या आहे हे माहीत असेल तेव्हा. तुमच्या ४२९ ला खुशाल भरा, किंमत बदलत नाही.

बिनधास्त
एवढा खटाटोप हवाच कशाला? E0 A4 AE लिहा आणि मोकळे व्हा. सहा अंक. मराठीचं कुठलंही अक्षर घ्या, E0 A4 किंवा E0 A5 नेच सुरू होतं. बायनरीत स्पेस घालत बसणं म्हणजे पाटीवर गिरवणं. काम करणारा माणूस हेक्सच वाचतो.

हरणटोळ
तयार डोळ्यांना हेक्स पुरतं, मान्य. पण A4 मध्ये सीमारेषा कुठे आहे सांगा. या बाइटात पहिले दोन बिट खुणेचे आणि उरलेले सहा अक्षराचे. निबलची चौकट त्या सहांना मधेच, दोन आणि चार असं कापते. म्हणून शिकणाऱ्याने हे असं लिहावं:

```
1110 0000   10 100100   10 101110
```

खुणा काढल्या की उरतं 0000 100100 101110. तेच पुन्हा चार-चार पाडा: 0000 1001 0010 1110, म्हणजे 092E, ‘म’ चा युनिकोड क्रमांक. त्याच सोळा बिटांना एकदा ४-६-६ असं तोडावं लागलं आणि एकदा चार-चार. म्हणून “नेहमी चार” किंवा “सगळीकडे आठ” असं मी कुणाला सांगणार नाही.

बिनधास्त
सीमारेषा हेक्समध्येही दिसते. 10 ने सुरू होणाऱ्या बाइटाचा पहिला हेक्स अंक 8, 9, A किंवा B यातलाच असतो. रोजच्या सवयीने ते डोळ्यात बसतं. 092E कसं निघालं हे एकदा समजायला तुमची मांडणी चांगली आहे, पण रोज तसं लिहीत बसावं असं मला नाही वाटत.

खटपट्या
एक व्यवहाराची गोष्ट. स्पेस घातलेली ओळ तशीच पायथनच्या int() मध्ये टाकली तर ValueError येते. स्पेसऐवजी अंडरस्कोर द्या, पायथन ३.६ पासून ते चालतं: int("1010_1110", 2) बरोबर १७४ देतं. format(n, "_b") तर स्वतःच चार-चारचे गट पाडतं. पण ते उजवीकडून पाडतं आणि सुरुवातीची शून्यं खातं. बाइटांच्या ओळीला उपयोगाचं नाही, संख्येला उत्तम.

हरणटोळताई, तुमच्या दोन टोकांच्या युक्तीत एक भोक आहे. एका बाइटातला बिट गळला आणि दुसऱ्यात एक जास्तीचा घुसला तर अंक २४ च भरतील.

हरणटोळ
खरंय. तेव्हा मोजणी फसते, फक्त 10 च्या खुणा कदाचित पकडतील, त्याही नक्की नाही. आणि एकच बिट गळला तरी तो कुठल्या बाइटातला एवढंच गट सांगतात. 1110000 मध्ये नेमकं काय गळलं ते नाही सांगत. शून्य गळलं असेल किंवा शेवटच्या चारातला एखादा 1 सुद्धा. इथे ‘म’ माहीत आहे, मराठी अक्षराचा पहिला बाइट E0 असतो हेही माहीत आहे, म्हणून शून्य म्हणता येतं. अक्षर माहीत नसतं तर मूळ प्रतच शोधावी लागली असती.

नवशिका_कोडर
मूळ प्रत बघितली. नोट्सच्या छपाईतच 111 नंतर चार शून्यं आहेत, पाच हवी होती. पाचवं घातल्यावर ‘म’ आला. वहीत आता बाइटांमध्ये मोठी जागा आणि खुणेच्या बिटांनंतर छोटी जागा सोडतोय. फक्त पुढच्या पानावर ‘😀’ आहे, 11110 ने सुरू होणारं, चार बाइटांचं. तिथे पहिल्या बाइटात खूण पाच बिटांची दिसते. तो ५-३ असा तोडायचा का?

बिनधास्त
F0 9F 98 80. झालं.

हरणटोळ
हो, ५-३ असाच तोड, आणि पुढचे तिन्ही २-६. अक्षराचे २१ बिट निघतील. ते चार-चार पाडताना मात्र उजवीकडून सुरू कर, कारण तिथून पुढे ती संख्या आहे.