मदत हवी आहे: तो रात्री साडेअकरानंतरच मेसेज करतो, याचा अर्थ काय धरायचा?

सांजसावली: एका मित्राशी साधारण महिनाभर चॅट चालू आहे. त्याचे मेसेज कायम रात्री साडेअकरा ते एकच्या मध्ये येतात, तेव्हा इतकं भरभरून बोलतो की वेळ कळत नाही, आणि दिवसा मी काही विचारलं की पाच-सहा तासांनी 'हो', 'बघतो' एवढंच. मला तो आवडतो. पण मी फक्त झोप येईपर्यंतचा टाइमपास आहे का, असं वाटून जीव कासावीस होतो.

बिनधास्त_बंड्या: रात्री माणूस मोकळा होतो, मनातलं तेव्हाच बाहेर येतं. इंटरेस्ट आहे, शंभर टक्के.

मधुरा_क: मीपण दोन वाजेपर्यंत फोनवर असायचे, आता फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावते, झोप सुधारली बघ.

सांजसावली: अगं झोपेचा प्रश्न नाहीये गं 🙂

जुना_सभासद: आधी एक सांगा, त्याचा दिवस कसा असतो? कामावरून कधी सुटतो?

सांजसावली: दुपारपासूनची शिफ्ट आहे, साडेदहाला सुटतो, घरी पोचायला सव्वाअकरा.

जुना_सभासद: मग साडेअकरा ही त्याची संध्याकाळ झाली. त्या वेळेवरून तो कधी मोकळा असतो एवढंच कळतं, मोकळा झाल्यावर अजून किती जणांशी बोलतो ते नाही कळत. दिवसाच्या 'हो'चंही तेच, कामात असलेला माणूस तेवढंच लिहितो. सुट्टीच्या दिवशीचं चॅट काढून बघा, तिथे शिफ्टचं कारण उरत नाही. आणि बंड्या, रात्री माणूस मोकळा होतो हे खरं, पण समोर कोणीही असलं तरी होतो. रात्री बोललेलं दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात असतं का, ते जास्त सांगून जातं.

सांजसावली: बघितलं. त्याची सुट्टी मंगळवारी. चार मंगळवारांपैकी दोनदा दुपारी त्याने स्वतःहून मेसेज केलाय, दोनदा काहीच नाही. एकदा तर 'इंटरव्ह्यू कसा झाला' विचारलं, जे मी शुक्रवारी रात्री सहज बोलले होते, मी स्वतःच विसरले होते की त्याला सांगितलंय.

जुना_सभासद: ही नोंद घड्याळापेक्षा मोलाची. तरी चारच मंगळवार आहेत, आणि चांगला मित्रही इंटरव्ह्यूचं विचारतो. आवड आहे की मैत्री हे यातून नाही सुटणार. दिवसाउजेडी भेटायचं विचारा, ठरलेला वार आणि वेळ देऊन. नाही जमत म्हणाला तर दुसरा दिवस स्वतः सुचवतो का ते बघा.

बिनधास्त_बंड्या: पण ऑनलाइन दिसूनही रिप्लाय देत नसेल तर?

जुना_सभासद: ऑनलाइन म्हणजे ॲप उघडं आहे, बास. ऑफिसच्या ग्रुपवर पण असू शकतो.

टिंब_टिंब: मला नाही पटत. माझा नवरा त्याच्या शिफ्टमधल्या ब्रेकमध्येसुद्धा लिहायचा, दोन ओळी का होईना. ज्याला लिहायचं असतं तो लिहितो.

सांजसावली: तुझंही पटतंय, म्हणून तर घोळ होतोय. आत्ता तीन वाजता विचारलंय त्याला, मंगळवारी पाचला भेटायचं का. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही अजून. साडेदहापर्यंत फोन उलटा करून ठेवते.