सराफाच्या पत्रातला भाव

"सराफाने भाव ४ टक्क्यांनी वाढवल्याचं पत्र पाठवलंय. पत्रात म्हटलंय सोन्याचा जागतिक भाव वाढला. पण तो आठवड्यात ३ टक्केच वाढलाय, मग इथे ४ कसे?"

बहुधा डॉलरमुळे. जागतिक भाव डॉलरमध्ये, एका ट्रॉय औंसाला म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमला ठरतो. त्याच आठवड्यात डॉलरही १ टक्क्याने महागला असेल, तर १.०३ गुणिले १.०१ म्हणजे साधारण १.०४. झाले तुमचे ४ टक्के. पत्रात दोन्ही दिवसांचा औंसाचा भाव आणि डॉलरचा दर द्यायला हवा होता. नुसतं 'जागतिक परिस्थिती' लिहून गिऱ्हाइकाला काय कळणार? एवढं करूनही हिशेब जुळला नाही, तर आयात शुल्क बदललंय का ते पाहा. आणि घडणावळ टक्क्यांत लावत असतील, तर भावाबरोबर तीही वाढते, कारागिराचं काम तेवढंच असलं तरी. याबद्दल मात्र पत्रात अवाक्षर नसतं!