अनुभव धागा : एका दिवसाचे चित्रीकरण आणि महिनाभराच्या पोस्ट

गोव्यात एकट्याने व्हिडिओ करणाऱ्यांपैकी जे एका दिवसात चित्रीकरण उरकून महिनाभराच्या पोस्ट ठरलेल्या वेळी आपोआप जातील अशी वेळ आधीच लावून ठेवतात, त्यांनी त्या दिवसाचा क्रम कसा लावला आणि ह्या पद्धतीत काय बसतच नाही, हे सविस्तर लिहावे. कॅमेऱ्यांच्या मॉडेलांची चर्चा मात्र नको. ती संपता संपत नाही.

फोंडा, स्वयंपाकाचे रील

चित्रीकरण, संकलन आणि शेवटी भांडी घासणे, हे सगळे माझ्या एकटीकडेच असते. आठवड्याला तीन या हिशेबाने महिन्याला बारा रील लागतात. एक रील पूर्ण करून मगच दुसऱ्याला हात घालायचा, असे केले तर ट्रायपॉड दर वेळी खालीवर होतो, उजेड बदलतो आणि दुपारपर्यंत जेमतेम तीन रील हाती लागतात. म्हणून मी कामाची वाटणी पदार्थांप्रमाणे न करता कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे करते. आदल्या रात्री बाराही रीलमधली दृश्ये कागदावर उतरवून त्यांचे तीन गठ्ठे करते : तोंडाने बोलायचे, वरून हात दिसायचे आणि तयार पदार्थाचे.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. नऊच्या सुमारास ओट्यावरचे थेट ऊन सरकते आणि दुपारपर्यंत सारखा उजेड मिळतो. त्या वेळेत आधी बोलण्याचे भाग, कारण तेव्हा आवाज ताजा असतो आणि अंगाला फोडणीचा वास लागलेला नसतो. नंतर फोन आडव्या दांडीवर लावून वरून दिसणारी सगळी दृश्ये घेते. यातही ताजी मासळी पहिली, कारण सुंगटांची चकाकी तासाभरात उतरते आणि ती संकलनात परत आणता येत नाही. खोबरे भाजून केलेले वाटप शागोतीला आणि चण्यांच्या तोंडाकाला एकदमच होते. मात्र ते वाटतानाची दृश्ये दोन निरनिराळ्या बाजूंनी घेते, म्हणजे दोन्ही रीलमध्ये तेच दृश्य दिसत नाही. तयार पदार्थाचे दृश्य मात्र गठ्ठ्यात ढकलून चालत नाही. हुमण उतरवून पाच-दहा मिनिटे झाली की वर साय धरते आणि तेल कडेला जाते. म्हणून दुसरा, जुना फोन खिडकीपाशी कायम लावलेला असतो. पदार्थ उतरला की ताट सरळ तिथे जाते.

फोनमधील प्रकाश आणि रंग दोन्ही कुलूपबंद करावेत. तसे केले नाही, तर पांढरे खोबरे एका दृश्यात पिवळट आणि दुसऱ्यात निळसर दिसते आणि बारा रीलचे रंग जुळवण्यात दोन संध्याकाळी जातात. बोलण्याचे भाग घेताना पंखा आणि फ्रीज दोन्ही बंद ठेवते. फ्रीज पुन्हा सुरू करायचा राहू नये म्हणून स्कूटरची चावी फ्रीजमध्येच ठेवते. चावीवाचून घराबाहेर पडता येत नाही. आर्द्रतेमुळे पंख्याशिवाय चेहरा चमकू लागतो, तेव्हा दर दोन भागांनंतर पंखा लावून घाम टिपावा लागतो. प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला रीलचा क्रमांक मोठ्याने बोलते, त्यामुळे संकलनाच्या वेळी शोधाशोध होत नाही. फोर-के चित्रण मिनिटाला सुमारे 170 एमबी जागा खाते, तेव्हा दोन तासांच्या कच्च्या चित्रणासाठी किमान 21 जीबी मोकळी असावी.

आणि ‘एक दिवस’ म्हणजे फक्त चित्रीकरणाचा. लिहिणे त्याच्या आधी आणि संकलन त्याच्या नंतर येते. ते धरून जवळजवळ आठवडा जातो.

मडगाव, प्रवासाचे व्हिडिओ

माझे मत थोडे वेगळे आहे. आधी वेळ लावून टाकलेल्या पोस्टची पोहोच इन्स्टाग्राम कमी करते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी सगळे रील ॲपच्या ड्राफ्टमध्ये ठेवतो आणि दर संध्याकाळी हाताने टाकतो. शिवाय गाजत असलेले गाणे त्याच दिवशी लावता येते.

पणजी, करविषयक माहिती

गाण्याबद्दल दादांचे म्हणणे रास्त आहे. महिन्यापूर्वी निवडलेले गाणे तोवर शिळे होते. पोहोच कमी होते, हे मात्र मला तितकेसे पटत नाही. माझ्याही पोस्ट एके काळी पडत होत्या, पण त्या वेळी पोस्ट आपोआप जाई आणि मी कामावर असल्याने पहिल्या तासातील प्रश्नांना कोणी उत्तर देत नसे. आता मी जेवणाच्या सुट्टीची वेळ लावते आणि फरक जाणवतो. तरी हा पुरावा नव्हे. ड्राफ्ट मात्र फक्त त्या फोनमध्ये राहतात. ॲप काढले की तेही जातात, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवावी.

माझी खरी अडचण विषयाची आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये कुणी जीएसटीच्या 12 आणि 28 टक्क्यांच्या टप्प्यांवर व्हिडिओ करून तो सप्टेंबरअखेरीस लावला असता, तर 22 सप्टेंबरपासून बहुतेक वस्तूंसाठी ते दोन्ही टप्पे रद्द झाल्यामुळे तो चुकीचा ठरला असता. यावर मी असा उपाय केला आहे की आकडा असलेले वाक्य चेहऱ्यावर घेतच नाही. त्या जागी कागदावर फिरणारा हात दाखवते आणि आवाज वेगळा भरते. दर बदलला तर तेवढे एक वाक्य पुन्हा बोलून व्हिडिओ नव्याने काढता येतो. यूट्यूबवर वेळ लावलेला व्हिडिओ ठरल्या क्षणापर्यंत खाजगीच राहतो, त्यामुळे तो काढून नवा चढवायला अवधी मिळतो.

डिचोली

मी शिगम्याच्या मिरवणुकीचे रात्रभर चित्रण केले आणि त्याचे तुकडे महिनाभर टाकत राहिलो. रोमटामेळ, चित्ररथ, ढोल-ताशे, सगळे निराळे काढले. शेवटच्या आठवड्यात मात्र कोणी पाहिना. तुमच्याकडेही असेच होते का?

फोंडा, स्वयंपाकाचे रील

भाऊ, तुमचे चित्रण एकाच प्रसंगाचे आहे. आमचा दिवस एक असला तरी विषय बारा असतात, त्यामुळे तुलना होत नाही. शिगमो सरल्यावर तिसऱ्या आठवड्यात चित्ररथ कोण पाहणार?

पण यावरून सुचले, ते लिहिते. मे महिन्याच्या शेवटी चित्रीकरण करणाऱ्यांनी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. ‘आजच बाजारातून आणलेला इसवण’ असे म्हणणारे रील जूनच्या मध्यावर गेले, की लोक भावावरून चिडवतात. पुढे श्रावणात चवथीपर्यंत अनेक घरांत मासळी वर्ज्य असते, म्हणून त्या काळासाठी मी खतखते, तोंडाक आणि पातोळ्या आधीच करून ठेवते. ‘आज’, ‘काल’, ‘या आठवड्यात’ हे शब्द संहितेतून गाळते. बारापैकी आठ रील कधीही चालतील अशी ठेवून उरलेल्या चार जागा मोकळ्या सोडते, कारण दर महिन्याला एखादी तरी गोष्ट अवचित उद्भवतेच.

पेडणे, बागकाम

पावसात काय करता, ताई? जुलैमध्ये आमच्याकडे एका मिनिटात तीनदा उजेड बदलतो, वीज जाते ती वेगळीच.

फोंडा, स्वयंपाकाचे रील

पडदे पूर्ण ओढून एकाच एलईडी दिव्यावर काम करते. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र आले, की चेहऱ्याची एक बाजू निळी दिसते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा दिवा दीड तास तग धरतो, तेवढ्यात बोलण्याचे भाग उरकतात. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजावर मात्र मला अजून उपाय सापडलेला नाही. बागकामवाल्यांपैकी कुणाला सापडला असेल, तर जरूर लिहावे.