पावसाळी सेलचं कॅप्शन: छत्री-रेनकोटचे भाव कसे लिहावे?

बाजारचौक
नमस्कार मंडळी. सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात आमचं दुकान आहे. एरवी चपला आणि बॅगा, जूनपासून पोळ्यापर्यंत छत्र्या-रेनकोट. शाळा सुरू झाल्या, रोवणीही लागली. स्टेटसला आणि गावच्या ग्रुपवर टाकायला मजकूर पाहिजे. पोरानं हा लिहून दिला:

"धमाका सेल! छत्री फक्त १८० पासून! रेनकोट ३५० पासून! ५०% पर्यंत सूट! १००% वॉटरप्रूफ! स्टॉक मर्यादित, त्वरा करा!"

दुकानात माल असा आहे. तीन घडीच्या नव्या छत्र्या ४४, भाव २८० ते ३२०. लांब दांड्याच्या काळ्या २५, त्या ३८० ते ४२०. मागच्या सालच्या ७ छत्र्या १८० ला काढायच्या आहेत. शर्ट-पॅन्टचे नायलॉन रेनकोट ७५० ते ९००: एक्सएल १८, डबल एक्सएल १२, एल ४, एम एकही नाही. मागच्या सालचे प्लास्टिकचे सेट ९, ते ३५० ला. लेकरांचे ४५० चे आहेत, पण आठ वर्षांपर्यंतच्याच मापाचे. कॅप्शन बरोबर आहे का?

सोयाबीनवाला
मस्त आहे भाऊ, टाकून द्या. "स्टॉक मर्यादित" लिहिलं की सुटलो आपण. कोणी काही म्हणू शकत नाही.

ठोकवाला_नागपूर
सुटत नाही. मी वीसेक वर्षं हाच माल ठोकात विकतो. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले. आमिषाची जाहिरात त्यात वेगळी धरली आहे. ज्या भावाचं नाव घेता त्या भावात पुरेसा माल पाहिजे, आणि मागणी जास्त येणार हे दिसत असेल तर माल थोडा आहे हे स्पष्ट सांगायचं. म्हणजे "मर्यादित" लिहायला हरकत नाही, पण ७ छत्र्यांच्या जिवावर सगळ्या दुकानाचा भाव १८० दाखवला तर तो शब्द वाचवत नाही.

पण कायदा राहू द्या. गावात काय होईल ते पाहा. पहिल्याच दिवशी सकाळी सात जण १८० ची घेऊन जातील. आठवी बाई चार मैलांवरून भिजत येईल आणि तिला २८० ऐकू येईल. ती भांडणार नाही, नुसती परत जाईल, आणि रोवणीच्या बांधीत पंधरा बायांना सांगेल.

"पासून" हा शब्द तिथंच लिहा जिथं त्या भावाला माल भरपूर आहे. तुमचा खरा भाव २८० आहे. १८० चा माल वेगळ्या ओळीत, नग मोजून.

मास्तरीण_ब्रम्हपुरी
मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. मला भावापेक्षा माप आधी कळलं पाहिजे. मुलगा सहावीत आहे. "लेकरांचे रेनकोट ४५०" वाचून येईन आणि आठ वर्षांच्या वर नाही म्हणाल, तर माझा अर्धा दिवस गेला. जे नाही तेसुद्धा लिहा.

वणीचा_कास्तकार
भाऊ, मले एक सांगा. कपाशीवर फवारणी कराले ३५० वाला चालन काय? अंगावर औषध उडते, रेनकोट घातला तर आंग कोरडं राहीन.

ठोकवाला_नागपूर
तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण दुकानदारानंही वाचावा. पावसाचा कोट म्हणजे फवारणीचा पोशाख नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन माणसं गेली, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. शिलाईतून औषध आत जातं, तोंड-हात उघडे राहतात आणि प्लास्टिकमध्ये इतका घाम येतो की माणूस अर्ध्या तासात चेन उघडतो. फवारणीचा पोशाख, हातमोजे, मास्क कृषी केंद्रात विचारा. आणि बाजारचौक, "शेतकामाला उपयोगी" असं मोघम लिहू नका, लोक असाच अर्थ काढतात.

बाजारचौक
ते लिहिणार नाही. मग "१००% वॉटरप्रूफ"चं काय? डब्यावर तर छापलं आहे.

ठोकवाला_नागपूर
डब्यावर कापडाबद्दल असतं. पाणी कापडातून कमी आणि शिलाईतून जास्त येतं. कोट उलटा करून खांदा आणि पॅन्टची बैठक पाहा. शिलाईवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर गाडीवर तासभर जाता येतं. पट्टी नसेल तर पंधरा-वीस मिनिटांत खांदा ओला.

मागच्या सालच्या मालाची तर ही तपासणी कराच. प्लास्टिकचा सेट वर्षभर घडीत दबून राहिला की घडीवर कडक होतो आणि तिथंच चिरतो. बाही उन्हाकडे धरली की टाचणीएवढी भोकं दिसतात. बाहीचं तोंड मुठीत आवळून आत तांब्याभर पाणी ओता. छत्री असेल तर उघडून वरच्या टोपीजवळ गंज आणि काड्यांच्या सांध्याला ढिलाई बघा. जे फेल होईल ते सेलमध्ये नको.

सोयाबीनवाला
एवढं सगळं लिहिलं तर कॅप्शन नाही, सातबारा होईल. आणि भाव लिहिले की समोरचा दुकानदार दहा रुपये कमी करून बसतो. मी तर नुसतं "दुकानात या" लिहितो.

मास्तरीण_ब्रम्हपुरी
"दुकानात या"वाल्याकडे मी जात नाही, एवढंच सांगते.

ठोकवाला_नागपूर
समोरच्याची भीती खोटी नाही. म्हणूनच एकच आकडा न देता पट्टा द्या, पण अरुंद. "१८० ते ९००" हा भाव झाला नाही. एका जातीच्या मालाला एक पट्टा, दोन टोकांत चाळीस-पन्नासचा फरक. रेनकोटात दीडशेपर्यंत चालेल, कारण तिथं पट्टीवाला आणि बिनपट्टीवाला असा फरक सांगता येतो. तुमचा ७५० चा बिनपट्टीचा आणि ९०० चा पट्टीचा आहे असं मी धरतो, नसेल तर बदला:

"पावसाळी विक्री. आज दुकानात असलेला माल:
तीन घडीची छत्री २८० ते ३२०
लांब दांड्याची काळी ३८० ते ४२०
शर्ट-पॅन्ट रेनकोट: ७५० (थोड्या पावसाला), ९०० (शिलाईवर पट्टी, गाडीवाल्यांसाठी). एक्सएल, डबल एक्सएल आहेत. एल चारच. एम नाही.
लेकरांचा ४५०, आठ वर्षांपर्यंत. त्यावरचं माप नाही.
मागच्या सालच्या छत्र्या १८०, फक्त ७. उघडून पाहून घ्या."

स्टेटस चोवीस तासांत जातंच. रोज नवं टाकताना मापाची आणि सातची ओळ बदला. ग्रुपवरचा मजकूर मात्र महिनाभर फिरतो, तिथं तारीख घाला.

नागभीडची_सून
रोवणीवाल्या बाया यातलं काहीच घेणार नाहीत हो. वाकून काम, छत्री धरणार कोण? कोटाचा घेर चिखलात लोळतो. आम्ही पन्नीच घेतो, डोक्यावरून पाठीवर. जाड पन्नी मीटरवर ठेवत असाल तर ती ओळ सगळ्यात वर टाका.

बाजारचौक
पन्नीचा एक रोल आहे, ती ओळ टाकतो. ३५० चे नऊ सेट आज पाण्यानं पाहिले. पाच टिकले, चार खांद्यातून गळले. पाच ठेवतो, नग लिहून.

"५०% सूट" राहिलं. नव्या छत्रीवर ६०० छापील किंमत आहे, आम्ही वर्षभर ३०० लाच देतो. हिशोबानं अर्धी होतेच ना?

सोयाबीनवाला
होते. छापील किमतीहून जास्त घेणं गुन्हा, कमी घेतलं तर कोण विचारतो?

मास्तरीण_ब्रम्हपुरी
वर्षभर ३०० लाच देता तर सेल कशाचा?

ठोकवाला_नागपूर
ही छापील किंमत आम्हा ठोकवाल्यांकडूनच अशी फुगून येते, त्यामुळे मी फार बोलत नाही. "छापील किमतीवर अर्धी" असं लिहिलं तर निदान कशावर सूट ते कळतं. माझ्या मते ती ओळ काढलेली बरी. पण गावात सगळे लिहीत असताना तुम्ही एकट्यानं काढली तर गिऱ्हाईक महागडा समजेल, हेही होतं.

बाजारचौक
या स्टेटसला बिनसुटीचं टाकून बघतो. ९ वर्षांवरचे लेकरांचे रेनकोट तुमच्याकडे शिल्लक आहेत का? असतील तर दोन डझन हवे आहेत.